नव्या घराला ओल, भिंतींना तडे : बिल्डरला पत्र कसे लिहावे?

वास्तुशांत होते, पडदे लागतात, कर्जाचे हप्ते सुरू होतात आणि पहिल्याच पावसाळ्यात हॉलच्या पश्चिमेकडील भिंतीवर ओलीचा डाग उमटतो. दिवाळीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. बीमच्या खाली एक सरळ रेघ दिसते. आधी केसासारखी बारीक, मग नखाला जाणवणारी. बिल्डरच्या ऑफिसात फोन केला की उत्तर ठरलेले असते : "साहेब, नवी बिल्डिंग आहे, सेट होते आहे. एक उन्हाळा जाऊ द्या, माणूस पाठवतो." माणूस येतो, लांबी भरतो, रंगाचा हात मारतो आणि जातो. पुढच्या पावसात डाग पुन्हा त्याच जागी हजर!

अशी दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. आणि नेमकी हीच वर्षे कायद्याने घरमालकाच्या हाती दिलेली असतात. स्थावर संपदा कायदा 2016 सालचा. तो रेरा या नावाने ओळखला जातो. त्याच्या कलम 14(3) प्रमाणे ताब्याच्या तारखेपासून 5 वर्षांच्या आत बांधकामातील दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला, तर तो दोष कोणताही खर्च न घेता 30 दिवसांत दूर करणे हे बिल्डरचे कर्तव्य ठरते. दोष इमारतीच्या सांगाड्याचा असो, कारागिरीचा असो, मालाच्या दर्जाचा असो वा सेवांचा. सगळे यात येते. बिल्डरने तसे केले नाही तर घरमालकाला नुकसानभरपाई मागता येते. महाराष्ट्राच्या 1963 च्या जुन्या मालकी सदनिका कायद्यात ही मुदत 3 वर्षांची होती. रेरा कायदा मात्र इंदूर, बडोदा, हैदराबाद वा बंगळूर येथे घर घेणाऱ्या मराठी कुटुंबालाही तसाच लागू आहे.

यातले कळीचे शब्द आहेत "निदर्शनास आणून दिला". दोष 5 वर्षांत दिसला, एवढे पुरेसे नाही. तो 5 वर्षांत बिल्डरला कळवला, हे दाखवता आले पाहिजे. फोनवरचे बोलणे, साइटवरच्या सुपरवायझरला दाखवलेली भिंत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावरचा फोटो यांवरून ते सिद्ध करणे कठीण जाते. तारीख असलेले, पोच मिळालेले लेखी पत्र हेच खरे साधन. बिल्डरचे 30 दिवस त्या पत्रापासून मोजता येतात.

पत्राआधी भिंत वाचावी

चांगले पत्र लिहायला वकिलाची गरज नसते, निरीक्षणाची असते. ओल कधी येते आणि कुठे येते, यावरून ती कुठून येते याचा बराच अंदाज बांधता येतो.

पावसातच दिसणारी, वाऱ्याचा मारा असलेल्या भिंतीवर किंवा खिडकीच्या खाली-बाजूला पसरणारी ओल बहुधा बाहेरून आलेली असते. बाहेरच्या गिलाव्यातील भेगा, खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातील नीट न भरलेली फट, बाहेरच्या बाजूला उतार नसलेली खिडकीची कड ही त्याची नेहमीची कारणे. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी टपकून जावे म्हणून एक खाच ठेवावी लागते. ती नसेल तर पाणी छज्ज्याखालून ओघळत भिंतीपर्यंत पोचते.

याउलट जी ओल जानेवारीत आणि एप्रिलमध्येही तशीच राहते, आणि विशेषतः बाथरूमच्या छताला किंवा बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला असते, तिचा पावसाशी संबंध नसतो. तिथे वरच्या मजल्यावरील बाथरूमचे वॉटरप्रूफिंग, नहाणी ट्रॅपचा सांधा किंवा भिंतीतला पाइप यांच्यापैकी काहीतरी गळत असते. याची परीक्षा सोपी आहे. वरच्या शेजाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या बाथरूममधील नहाणी ट्रॅप बंद करायचा, जमिनीवर साधारण 25 मिलिमीटर पाणी साठवायचे आणि किमान 24 तास ठेवायचे. खालचा डाग वाढला तर दोष जमिनीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असण्याची शक्यता मोठी. डाग वाढला नाही, पण नंतर नहाणी उघडून पाणी सोडल्यावर वाढला, तर संशय पाइपवर आणि सांध्यावर घ्यायचा.

तडे सगळे सारखे नसतात. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसासारख्या रेषा बहुतेक वेळा गिलावा वाळताना आकसल्यामुळे येतात. त्या दिसायला वाईट, पण फार धोक्याच्या नसतात. बीमच्या खाली किंवा कॉलमच्या कडेला येणारी सरळ, लांब भेग ही विटा वा ब्लॉकची भिंत आणि काँक्रीट यांच्या सांध्याची असते. ही दोन्ही उन्हा-पाण्याने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण आणि आकुंचन पावतात. म्हणून त्या सांध्यावर गिलाव्याच्या आत तारेची जाळी बसवायची असते. मिस्त्री लोक तिला चिकन मेश म्हणतात. जाळी नसली की भेग पडते आणि तीवर कितीही लांबी भरली तरी ती परत उघडते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघणारी भेग तिथे ताण एकवटतो म्हणून पडते. ती वाढते आहे का, यावर लक्ष ठेवावे लागते.

खरी काळजी वेगळ्याच खुणांची करायची. प्रत्यक्ष बीम किंवा कॉलमला पडलेली भेग, तीतून येणारा गंजाचा तांबूस डाग, अनेक मजल्यांवर एकाच जागी दिसणारा तिरका तडा, दारे अचानक चौकटीत अडकू लागणे. यांपैकी काही दिसले तर पत्राची वाट न पाहता सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे आणि त्याचा लेखी अहवाल घ्यावा.

भेग वाढते आहे की नाही हे ठरवायला पेन्सिल पुरते. भेगेच्या दोन्ही टोकांना आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहायची. महिन्याभराने भेग रेघेच्या पुढे गेली असेल तर तिथे पुन्हा रेघ आणि तारीख. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरावी, म्हणजे रुंदी कुणालाही वाचता येते. आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे : पत्र जाऊन बिल्डरच्या माणसाने पाहणी करेपर्यंत त्या भिंतीला रंग देऊ नये. रंगाबरोबर पुरावाही झाकला जातो.

एक नमुना

समजा, ठाण्यातील एका जोडप्याला सातव्या मजल्यावरील घराचा ताबा 20 ऑक्टोबर 2023 रोजी मिळाला. जानेवारीत बाथरूमच्या छताला ओल दिसली, मार्चमध्ये बीमखाली भेग आणि जूनच्या पावसात हॉलच्या भिंतीवर डाग. दोघांनी नोंदी ठेवल्या, फोटो काढले. त्यांचे पत्र असे असू शकेल :

"दिनांक : 8 जुलै 2024
प्रति, (करारनाम्यात दिलेले बिल्डर कंपनीचे पूर्ण नाव व पत्ता)
विषय : बी विंग, सदनिका क्र. 704 मधील ओल व भेगा. रेरा कायदा कलम 14(3) अन्वये दोषनिवारणाची मागणी
संदर्भ : नोंदणीकृत करारनामा, प्रकल्पाचा रेरा नोंदणी क्रमांक, ताबापत्र दि. 20 ऑक्टोबर 2023

महोदय,

वरील सदनिकेचा ताबा आम्हांला 20 ऑक्टोबर 2023 रोजी मिळाला. त्यानंतर आढळलेले पुढील दोष या पत्राद्वारे आपल्या निदर्शनास आणून देत आहोत.

1. हॉलची पश्चिमेकडील भिंत : खिडकीच्या डाव्या बाजूला व खाली सुमारे 1.5 मीटर बाय 1 मीटर भागात ओल. प्रथम 19 जून 2024 रोजी दिसली. पाऊस थांबल्यावर कमी होते, पावसात वाढते. (फोटो 1 ते 4)

2. कॉमन बाथरूमचे छत : सुमारे 50 सेंटिमीटर व्यासाचा ओला डाग. 12 जानेवारी 2024 पासून सतत ओला. उन्हाळ्यातही वाळला नाही. (फोटो 5 ते 7)

3. हॉलमध्ये बीम व पश्चिम भिंत यांच्या सांध्यावर आडवी भेग : लांबी 2.4 मीटर, रुंदी सुमारे 1 मिलिमीटर. मार्च 2024 पासून. (फोटो 8, 9)

4. बेडरूमच्या खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून तिरकी भेग : 1 मे 2024 रोजी 45 सेंटिमीटर, 6 जुलै 2024 रोजी 60 सेंटिमीटर. (फोटो 10 ते 12)

या भागांत आम्ही ताबा घेतल्यापासून कोणतेही फोडकाम किंवा फेरबदल केलेले नाहीत.

हे दोष ताब्याच्या तारखेपासून 5 वर्षांच्या आत कळवत असल्याने कलम 14(3) नुसार ते कोणताही खर्च न घेता, हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत दूर करावेत. आपल्या इंजिनिअरने 7 दिवसांत संयुक्त पाहणी करावी. प्रत्येक दोषाचे कारण व करावयाच्या कामाची पद्धत लेखी कळवावी. केवळ लांबी व रंग लावणे हे दोषनिवारण म्हणून आम्ही स्वीकारणार नाही. दुरुस्तीमुळे रंग व फर्निचर यांचे होणारे नुकसान भरून द्यावे.

मुदतीत काम न झाल्यास नुकसानभरपाईसह कायदेशीर उपाय योजण्याचा आमचा हक्क राखून ठेवीत आहोत.

आपले,
(दोन्ही सहखरेदीदारांच्या सह्या)
सोबत : 12 फोटो, ताबापत्राची प्रत
प्रत माहितीसाठी : सोसायटीचे सचिव"

या पत्रात रागाचा एकही शब्द नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. "तुम्ही फसवलेत", "निकृष्ट सिमेंट वापरलेत" असे आरोपही नाहीत. सिमेंट निकृष्ट होते हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागते. भिंत ओली आहे हे दाखवायला फोटो पुरतो. म्हणून काय दिसते, कुठे, केव्हापासून आणि किती, एवढेच लिहावे. कारण शोधणे व सांगणे हे काम बिल्डरकडे सोपवावे. एकदा त्याने "खिडकीचे सीलंट गेले आहे" असे लिहून दिले की पुढे ते नाकारणे त्याला अवघड जाते.

पत्र कुठे पाठवायचे हेही करारनाम्यातच असते. नोटिसा कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या ईमेलवर पाठवायच्या याचे एक कलम त्यात असते. जुन्या करारनाम्यांत रजिस्टर्ड पोस्टाचा उल्लेख असतो. ती सेवा टपाल खात्याने 2025 मध्ये स्पीड पोस्टात सामावून घेतली. त्यामुळे आता स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोच यांसह पाठवावे. त्याच दिवशी ईमेलही करावा आणि शक्य असल्यास ऑफिसात हाती देऊन प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. नमुन्यातील पत्र बिल्डरला 10 जुलै 2024 रोजी मिळाले असे धरले, तर त्याचे 30 दिवस 9 ऑगस्ट 2024 रोजी संपतात.

उत्तरे आणि प्रत्युत्तरे

बिल्डरचे पहिले उत्तर बहुधा असे असते : "पावसात बाहेरच्या भिंतीचे काम करता येत नाही." हे खरे आहे. बाहेरचे वॉटरप्रूफिंग ओल्या भिंतीवर धरत नाही आणि भर पावसात परांची बांधणे कामगारांच्या जिवावर बेतू शकते. इथे अडून बसण्यात अर्थ नाही. पण तोंडी होकारही देऊ नये. "पावसाळ्यापुरता तात्पुरता उपाय 15 दिवसांत करावा व बाहेरचे कायमचे काम 30 नोव्हेंबर 2024 पर्यंत पूर्ण करावे. या सवलतीमुळे आमचे कायदेशीर हक्क कमी होत नाहीत" असे लेखी कळवावे. बाथरूमच्या गळतीला मात्र पावसाची सबब चालत नाही.

दुसरे उत्तर : "केसासारख्या भेगा नैसर्गिक असतात, करारात तसे लिहिले आहे." गिलाव्याच्या जाळीदार रेषांबाबत हे म्हणणे पटण्यासारखे असते. म्हणूनच त्या रेषा यादीत पहिल्या क्रमांकावर घालून पत्राचे वजन घालवू नये. बीमखालच्या भेगेबाबत मात्र दुरुस्तीची पद्धत विचारावी. भेगेच्या रेषेवरचा गिलावा काढून, फट साफ करून, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून, त्यावर साधारण 30 सेंटिमीटर रुंद जाळी बसवून पुन्हा गिलावा करणे ही योग्य पद्धत. कामगार फक्त पटाशी आणि लांबीचा डबा घेऊन आला असेल, तर काय होणार हे उघड आहे.

तिसरे उत्तर : "ताबा घेताना सर्व ठीक असल्याचे तुम्ही लिहून दिले आहे." ताबापत्रावर अशी ओळ पुष्कळदा असते आणि किल्ल्या मिळवण्याच्या घाईत लोक सही करतात. पण ऑक्टोबरच्या कोरड्या दिवशी जूनची गळती कुणाला दिसणार? कायद्याची 5 वर्षे ताब्यापासून पुढे सुरू होतात, ती नेमकी अशाच नंतर उघड होणाऱ्या दोषांसाठी.

चौथे उत्तर सर्वांत अडचणीचे : "तुम्हीच फोडाफोड केली आहे." बाथरूमच्या फरशा बदलल्या, नळाची जागा हलवली, एअरकंडिशनरच्या पाइपसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडले, तर त्या जागेच्या गळतीची जबाबदारी बिल्डर झटकू शकतो आणि ते गैरही नाही. वरच्या शेजाऱ्यांनी बाथरूम फोडून नवे केले असेल तर खालच्याची तक्रार बिल्डरकडे नव्हे, त्या शेजाऱ्यांकडे जाते. म्हणून नव्या घरात ओल्या जागांचे फोडकाम करण्याआधी पहिले दोन पावसाळे जाऊ द्यावेत, हे शहाणपणाचे.

बिल्डरचा माणूस काम करून गेला की कागद पुढे करतो : "काम समाधानकारक पूर्ण झाले." त्यावर सही करताना "आज पाहणीत काम झालेले दिसते, परिणाम पुढील पावसाळ्यानंतर कळेल" असे हाताने लिहावे. बाथरूमचे काम असेल तर पाणी साठवून पुन्हा 24 तासांची परीक्षा घेतल्याशिवाय सही देऊ नये.

मुदत उलटली तर

30 दिवसांत काही झाले नाही तर 10 दिवसांचे एक स्मरणपत्र पाठवून पुढची पायरी चढावी. राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे कलम 31 खाली तक्रार करता येते. महाराष्ट्रात ती ऑनलाइन होते आणि तिची फी 5,000 रुपये आहे. इतर राज्यांत फी वेगवेगळी आहे. दुरुस्ती करून द्या हा आदेश प्राधिकरण देते. नुकसानभरपाईची रक्कम कलम 71 खाली नेमलेला निर्णय अधिकारी ठरवतो. म्हणून दुरुस्ती हवी की पैसे हवेत की दोन्ही, हे आधी ठरवून योग्य अर्ज भरावा.

दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा. रेरा असला तरी ग्राहकाला हा मार्ग खुला राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. लहान प्रकल्पांना हा मार्ग विशेष उपयोगी. 500 चौरस मीटरपेक्षा मोठी नसलेली जागा किंवा 8 पेक्षा जास्त नसलेल्या सदनिका अशा प्रकल्पांना रेराची नोंदणी बंधनकारक नाही. पण इथे एक खड्डा आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांत जावे लागते. दोष कळवण्याची 5 वर्षे वेगळी आणि ही 2 वर्षे वेगळी. पत्रव्यवहाराच्या नादात ती निघून गेली, तर उशीर का झाला याचे समाधानकारक कारण द्यावे लागते.

गळती इतकी वाढली की विजेच्या बोर्डापर्यंत पाणी आले, तर कायद्याची वाट पाहत बसता येत नाही. आधी त्या बोर्डाचा पुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. मग दोन कंत्राटदारांचे लेखी अंदाजपत्रक घ्यावे, "अमुक दिवसांत आपण काम न केल्यास आम्ही ते करून घेऊ व खर्च आपल्याकडून मागू" असा ईमेल बिल्डरला करावा, कामाआधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो काढावेत, बिले जपावीत. आधी गुपचूप दुरुस्ती आणि मग मागणी, या क्रमाने गेलेल्यांच्या हाती सहसा काही लागत नाही.

गच्ची, बाहेरच्या भिंती, जिना, पाण्याच्या टाक्या हे सामाईक भाग. त्यांचे पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर जावे. हॉलच्या ओलीचे मूळ बाहेरच्या भिंतीत असेल तर घरमालकाचे आणि सोसायटीचे अशी दोन्ही पत्रे हवीत. बिल्डर एकेका फ्लॅटच्या आतून डाग पुसत राहतो, आणि एकाच बाजूच्या दहा घरांची यादी एकत्र गेली की परांची बांधणे त्याला टाळता येत नाही.

घर पहिल्या मालकाकडून विकत घेतले असले तरी नवा मालक हे पत्र लिहू शकतो. मात्र मुदत पहिल्या ताब्यापासूनच मोजली जाते. भाडेकरूला हा हक्क नाही, त्याने मालकाला कळवावे. आणि ज्यांच्या घरी आज एकही डाग नाही, त्यांनीही एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. नमुन्यातील जोडप्याची 5 वर्षे ऑक्टोबर 2028 मध्ये संपतात. त्यांचा शेवटचा उपयोगी पावसाळा 2028 चा. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये टॉर्च आणि पेन्सिल घेऊन प्रत्येक खोलीची एक फेरी मारायची, गच्चीवर जाऊन यायचे आणि जे सापडेल ते त्याच आठवड्यात लिहून पाठवायचे. मुदत संपल्यावर सापडलेला डाग पुसण्याचा खर्च स्वतःच्याच खिशातून करावा लागतो.